वर चढलेला आकडा, खाली उतरलेला आकडा

दहावी-अकरावीच्या मुलांच्या फोनमध्ये गणिताच्या पानांचे फोटो ढिगाने सापडतात. गैरहजर मित्राला पाठवलेलं वहीचं पान, शिक्षकांना विचारलेली शंका, वाचनालयातल्या पुस्तकातला स्वाध्याय. बेरीज-वजाबाकीचं उदाहरण अशा फोटोतून सहज वाचता येतं. पण घातांक, करणी आणि लॉगॅरिदम यांच्या उदाहरणांत आकडा कोणता आहे एवढंच पुरत नाही, तो कुठे बसला आहे हेही पाहावं लागतं. पायाच्या उजव्या खांद्यावरचा 3 म्हणजे घात. तोच ओळीत खाली आला तर 2³ चे तेवीस होतात. log च्या पायथ्याशी असलेला बारीक 2 हा लॉगॅरिदमचा पाया असतो, आणि तोच ओळीत चढला की log₂8 चा log 28 होतो.

म्हणून अशा पानावरचं उदाहरण सोडवण्याआधी ते आपल्या हाताने एका सरळ ओळीत, कंस घालून उतरवून घ्यावं. पुढे प्रत्येक पायरीशेजारी कोणता नियम वापरला तेही लिहावं. या सवयीने वाचनातली चूक कुठे शिरली ते दिसतं आणि नियम कुठे ताणला गेला तेही दिसतं. एका पानावरची तीन उदाहरणं घेऊन हे पाहू. छपाईच्या सोयीसाठी इथे घातांक ^ या खुणेनंतर कंसात लिहिला आहे.

पहिलं उदाहरण घातांकाचं:

27^(2/3) × 9^(−1/2) ÷ 3^(−2)

27, 9 आणि 3 या तिन्ही संख्या 3 चे घात आहेत. तेव्हा पहिलं काम म्हणजे सगळ्यांना एकाच पायावर आणणं.

= (3³)^(2/3) × (3²)^(−1/2) ÷ 3^(−2)
(पाया समान केला)

= 3^2 × 3^(−1) ÷ 3^(−2)
(घाताचा घात: घातांकांचा गुणाकार)

= 3^(2 − 1) ÷ 3^(−2) = 3^1 ÷ 3^(−2)
(गुणाकाराचा नियम: घातांकांची बेरीज)

= 3^(1 − (−2)) = 3^3 = 27
(भागाकाराचा नियम: घातांकांची वजाबाकी)

पडताळा साध्या आकड्यांनी घेता येतो. 27 चं घनमूळ 3, त्याचा वर्ग 9. 9^(−1/2) म्हणजे 1/3. त्यांचा गुणाकार 3, आणि 3 ला 1/9 ने भागलं की 27.

आता समजा, फोटोत 9 च्या डोक्यावरचं उणे चिन्ह सावलीत गेलं. वाचणाऱ्याला 9^(1/2) दिसेल. पहिली संख्या 9, दुसरी 3, आणि 1/9 ने भागणं म्हणजे 9 ने गुणणं, म्हणून उत्तर येईल 243. हेही 3 चाच पाचवा घात आहे. उत्तर सुबक आलं म्हणजे उदाहरण बरोबर वाचलं, असं इथे म्हणता येत नाही. घातांकातली उणे चिन्हं म्हणूनच फोटो मोठा करून एकेक मोजावी लागतात. मूळ ओळीत दोन उणे असतील तर उतरवलेल्या ओळीतही दोनच हवीत.

दुसरं उदाहरण करणीचं. वर्गमुळाचं चिन्ह आणि त्यावरची आडवी रेघ हे आज एकच चिन्ह वाटतं, पण त्यांचा जन्म वेगवेगळा आहे. क्रिस्तोफ रुडोल्फ या जर्मन गणितज्ञाने १५२५ साली छापलेल्या पुस्तकात मुळाचं चिन्ह वापरलं तेव्हा त्यावर रेघ नव्हती. ती रेघ देकार्तने १६३७ च्या भूमितीच्या ग्रंथात जोडली. मूळ नेमकं कुठवर लागू आहे हे ती रेघ सांगते, म्हणजे तिचं काम कंसाचं आहे. फोटोत मात्र हीच रेघ सगळ्यात आधी फसवते. कागद वाकलेला असला की ती शेजारच्या अंकापर्यंत लांबल्यासारखी वाटते, फिकट असली की अर्ध्यातच संपते.

4/(√7 − √3) + √12 − √28

छेदात दोन करण्यांची वजाबाकी आहे. तिथे छेदाचं परिमेयीकरण करावं लागतं, म्हणजे छेदातून करणी घालवावी लागते. त्यासाठी अंश आणि छेद या दोघांना छेदाच्या अनुबद्ध जोडीने, इथे √7 + √3 ने, गुणतात. हा उपाय आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात करण्यांच्या भागाकारासाठी हीच रीत दिली आहे: भाजकातल्या एका करणीचं चिन्ह उलटं करायचं आणि त्याने भाज्य व भाजक दोघांना गुणायचं. तेव्हा करणीसाठी ‘क’ हे अक्षर लिहीत आणि ऋण संख्येवर टिंब देत.

= 4(√7 + √3)/((√7)² − (√3)²) + √12 − √28
(अनुबद्ध जोडीने गुणाकार; छेदात (a − b)(a + b) = a² − b²)

= 4(√7 + √3)/4 + √12 − √28
(वर्गमुळाचा वर्ग: 7 − 3 = 4)

= √7 + √3 + √(4 × 3) − √(4 × 7)
(4 ने भागलं, करणीखालच्या संख्येतून पूर्ण वर्ग वेगळा काढला)

= √7 + √3 + 2√3 − 2√7
(√(ab) = √a × √b)

= 3√3 − √7
(सजातीय करण्यांची बेरीज-वजाबाकी)

कॅल्क्युलेटरवर मूळ ओळ आणि उत्तर, दोन्हींची किंमत सुमारे 2.55 येते.

हाच छेद √(7 − 3) असा वाचला तर त्याची किंमत थेट 2 होते, पहिला अपूर्णांक 2 होतो आणि परिमेयीकरणाची गरजच उरत नाही. मग उत्तर येतं 2 + 2√3 − 2√7, म्हणजे जेमतेम 0.17. ही चूक ओळखायला पानावरच एक खूण आहे. √12 आणि √28 सोपे केले की त्यांतून √3 आणि √7 निघतात. उदाहरण रचणाऱ्याने ही पदं छेदातल्या करण्यांशी जुळावीत म्हणूनच घेतली आहेत. वाचलेल्या उदाहरणात एकही सजातीय जोडी सापडत नसेल, तर आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी फोटो पुन्हा पाहावा.

कित्येकदा फोटो स्वच्छ असतो आणि गडबड डोक्यात होते. √7 − √3 म्हणजे √(7 − 3), असं अनेक मुलं धरून चालतात. पायरीशेजारी नियमाचं नाव लिहायचं ठरवलं की पेन इथे थांबतं, कारण असा नियमच नाही. मूळ गुणाकारावर आणि भागाकारावर वाटलं जातं, बेरजेवर किंवा वजाबाकीवर नाही.

तिसरं उदाहरण लॉगॅरिदमचं. जॉन नेपियरने आपली कोष्टकं १६१४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर हेन्री ब्रिग्जने 10 हा पाया धरून कोष्टकं तयार केली. म्हणूनच शाळेत पाया लिहिलेला नसला की तो 10 धरतात. या संकेतामुळे फोटोतला पुसट पाया धोक्याचा ठरतो. तो दिसला नाही तरी ओळ अपुरी वाटत नाही, फक्त तिचा अर्थ बदललेला असतो.

log₂√8 + log₂12 − log₂3

= log₂8^(1/2) + log₂12 − log₂3
(वर्गमूळ म्हणजे 1/2 हा घात)

= (1/2) log₂8 + log₂12 − log₂3
(घाताचा नियम: घातांक पुढे येतो)

= (1/2) log₂8 + log₂(12/3)
(भागाकाराचा नियम: लॉगॅरिदमची वजाबाकी म्हणजे भागाकाराचा लॉगॅरिदम)

= (1/2) × 3 + 2 = 7/2
(व्याख्या: 2³ = 8, 2² = 4)

पाया न दिसता 10 धरला गेला तर याच पायऱ्यांनी सुमारे 1.05 येईल आणि शेवटची पायरी पूर्णांकात सुटणार नाही. पायाचा 2 ओळीत चढला तर log 212 आणि log 23 मिळतील. 23 ही मूळ संख्या, ती 212 ला भागत नाही, त्यामुळे भागाकाराचा नियम लावूनही हाती काही लागत नाही. शालेय उदाहरण इतकं अडलं तर संशय वाचनाचा घ्यावा.

इथेही एक खोटा नियम दबा धरून बसलेला असतो. log₂12 − log₂3 म्हणजे log₂4, अर्थात 2. पण log₂12 भागिले log₂3 हे log₂4 नव्हे. तो पाया बदलण्याचा नियम आहे आणि त्याचं उत्तर log₃12, सुमारे 2.26. एकात दोन लॉगॅरिदमची वजाबाकी आहे, दुसऱ्यात त्यांचा भागाकार. फोटोत अपूर्णांकाची रेघ आणि वजाबाकीचं चिन्ह दोन्ही आडव्या रेघाच असल्यामुळे ती रेघ दोन पदांच्या मध्ये आहे की एकावर एक असलेल्या पदांमध्ये, हे नीट पाहावं लागतं.

नियमाचं नाव लिहिण्याचा आणखी एक उपयोग असा, की नावाबरोबर त्याची अटही आठवते. पहिल्या उदाहरणात घाताच्या घाताचा नियम अपूर्णांक घातांकांवर बिनदिक्कत चालला, कारण पाया धन होता. ऋण पायावर तो फसतो. ((−8)^2)^(1/6) ही राशी घ्या. आतला वर्ग आधी केला तर 64^(1/6), म्हणजे 2. घातांकांचा गुणाकार आधी केला तर (−8)^(1/3), म्हणजे −2. बरोबर उत्तर 2 आहे. पानावर अंकांऐवजी अक्षरं असतील तर ही अट आणखी जपावी लागते. x ऋण असताना √(x²) ची किंमत x नसते, −x असते. आणि log(x²) = 2 log x हे फक्त x धन असतानाच लिहिता येतं, कारण ऋण संख्येचा लॉगॅरिदम वास्तव संख्यांत नसतो. पुस्तकात उदाहरणाआधी ‘x > 0’ अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. फोटो काढताना नेमकी तीच ओळ चौकटीबाहेर राहते.

तेव्हा पुढच्या वेळी पानाचा फोटो काढताना पुस्तक सपाट ठेवा, कॅमेरा बरोबर वर धरा, हाताची सावली पडू देऊ नका, आणि उदाहरणाच्या वरची सूचनाही चौकटीत घ्या. फोटो दुसऱ्याला पाठवत असाल तर सोबत ते उदाहरण कंस घालून एका ओळीत लिहून पाठवा. आणि सोडवायला बसलात की पहिली ओळ उतरवून झाल्यावर उणे चिन्हं, मुळावरच्या रेघांची लांबी आणि log चे पाये या तीन गोष्टी फोटोशी ताडून मगच दुसरी ओळ लिहा.