वीज आल्यावर आधी कोणता प्लग?

वीज जाऊन परत येते. पंखा फिरू लागतो, फ्रीज सुरू होतो आणि मोबाइलच्या कोपऱ्यात वायफायची खूणही पूर्ण भरलेली दिसते. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप घड्याळाच्या खुणेवरच अडकून राहतो. मग कुणी राउटरचं बटण दाबतं, कुणी मोबाइल बंद करून चालू करतं, कुणी सगळेच प्लग एकदम काढून एकदम लावतं. कधी यातून इंटरनेट सुरू होतं, कधी होत नाही.

या गोंधळाचं मूळ वायफायच्या त्या खुणेत आहे. ती खूण फक्त मोबाइल आणि राउटर यांच्यातल्या चार भिंतींमधल्या अंतराबद्दल बोलते. राउटरच्या पलीकडे इंटरनेट आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही. घरातली जोडणी तीन टप्प्यांची असते: बाहेरून आलेली तार मोडेमपर्यंत, मोडेमपासून राउटरपर्यंत आणि राउटरपासून मोबाइल, टीव्ही, प्रिंटरपर्यंत. प्रत्येक टप्प्याला लागणारी माहिती त्याच्या आधीच्या टप्प्याकडून मिळते. म्हणून चालू करण्याचा क्रमही तोच: आधी मोडेम, मग राउटर, शेवटी बाकीची उपकरणं.

हे नीट समजायला एक नेहमीची मांडणी घेऊ. साताऱ्यातला एखादा फ्लॅट. दाराजवळ भिंतीवर फायबरची बारीक पिवळी किंवा पांढरी तार येऊन एका लहान पेटीत शिरते. लोक तिला सवयीने मोडेम म्हणतात, फायबर जोडणारा तंत्रज्ञ तिला ओएनटी म्हणतो. तिथून एक लॅन केबल हॉलमधल्या वायफाय राउटरला जाते. इंटरनेट कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड या राउटरमध्ये भरलेलं आहे. राउटरवर दोन मोबाइल, एक लॅपटॉप, टीव्ही आणि प्रिंटर चालतात. काही घरांत मोडेम आणि राउटर एकाच पेटीत असतात. तिथे पहिले दोन टप्पे ती पेटी आतल्या आत स्वतःच पार पाडते.

दुपारी या फ्लॅटची वीज गेली, तर पहिलं काम तेव्हाच करून ठेवावं: मोडेम आणि राउटर दोन्हींचे प्लग काढावेत. वीज परतताना पहिल्या काही मिनिटांत दाब वरखाली होतो, कधी ती येऊन लगेच पुन्हा जाते. या पेट्या अशा धक्क्यात अर्धवट सुरू होऊन अडकतात आणि कधीकधी अ‍ॅडाप्टरच जळतो. वीज आल्यावर चार-पाच मिनिटं थांबावं, दिवे स्थिर जळताहेत याची खात्री करावी आणि मग फक्त मोडेमचा प्लग लावावा. प्लग आधी काढायचा राहून गेला असेल, तर तो काढून किमान अर्धा मिनिट थांबावं. पेटीतले कपॅसिटर काही सेकंद वीज धरून ठेवतात. ती ओसरण्याआधीच प्लग परत लावला, तर पेटी पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होईलच असं नाही.

आता मोडेमवरचे दिवे बघायचे. वीज लागल्याचा दिवा लगेच पेटतो, पण महत्त्वाचा दिवा असतो तो PON लिहिलेला. तो आधी लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. लुकलुकण्याच्या त्या वेळात पुष्कळ काही घडत असतं. कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक फायबर वाटेत काचेच्या विभाजकातून फुटून 32 किंवा 64 घरांना जाते. ही सगळी घरं केंद्राकडे माहिती पाठवताना एकच तार वापरतात. दोघांनी एकाच क्षणी पाठवली तर दोघांचाही प्रकाश एकमेकांत मिसळेल. म्हणून केंद्रातलं यंत्र प्रत्येक मोडेमची ओळख पटवतं, तो किती अंतरावर आहे ते प्रकाशाच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून मोजतं आणि त्याला बोलण्याची ठरावीक वेळ वाटून देतं. आख्ख्या गल्लीची वीज एकदम आली, की गल्लीतले सगळे मोडेम एकाच वेळी या नोंदणीसाठी उभे राहतात. एरवी मिनिटभरात स्थिर होणारा दिवा अशा वेळी थोडा जास्त वेळ घेतो.

PON स्थिर झाला, की राउटरचा प्लग लावायचा. त्याआधी नाही.

घाई केली तर काय होतं? मोडेमच्या लॅन केबलमध्ये जीव येतो तो त्याची फायबरवरची नोंदणी पूर्ण होण्याआधीच. राउटरला केबल जिवंत दिसते. तो लगेच युजरनेम आणि पासवर्ड घेऊन कंपनीच्या सर्व्हरला हाका मारू लागतो. पलीकडे ऐकणारं कुणीच नसतं. चांगला राउटर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा हाक मारत राहतो. पण काही राउटर प्रत्येक अपयशानंतर आणखी जास्त वेळ थांबतात, तर काही प्रयत्न सोडून देतात. तोवर मोडेम तयार झालेला असतो, पण राउटर गप्प असतो. घरातल्यांना दिसतं ते एवढंच, की दोन्ही पेट्यांवर दिवे आहेत, वायफाय आहे आणि इंटरनेट नाही.

क्रम पाळूनही एक अडथळा येऊ शकतो. वीज अचानक गेली, तेव्हा राउटरला सर्व्हरचा निरोप घेता आलेला नसतो. सर्व्हरच्या वहीत या ग्राहकाचं आधीचं लॉगिन अजून चालू दिसतं. एका खात्यावर एकच लॉगिन चालेल असा कंपनीचा नियम असेल, तर नवं लॉगिन नाकारलं जातं. समोरून उत्तर येत नाही असं लक्षात आल्यावर सर्व्हर जुनी नोंद पुसतो, पण त्याला काही मिनिटं लागतात. लोक नेमके याच वेळी राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करतात आणि पासवर्ड बिघडला असं समजतात. अशा वेळी राउटरला चालू ठेवून दहा मिनिटं हात न लावणं हाच उपाय आहे.

पासवर्ड बिघडल्याच्या समजुतीतून त्याहून मोठं नुकसान होतं. राउटरच्या पाठीमागे बारीक छिद्रात एक बटण असतं, पिनेने दाबायचं. ते रीस्टार्टचं बटण नव्हे, रीसेटचं आहे. काही सेकंद दाबून धरलं, तर राउटर कारखान्यातून आला त्या स्थितीत जातो. वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातातच, पण कंपनीचं युजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात. ते लिहून ठेवलेले नसतील, तर तंत्रज्ञ येईपर्यंत घर बंद. वीज गेल्यानंतरच्या दुरुस्तीत त्या छिद्राला हात लावण्याचं कारण नसतं.

राउटर सुरू व्हायला साधारण दोन ते तीन मिनिटं लागतात. त्याच्यावरचा इंटरनेटचा दिवा, बहुतेक ठिकाणी पृथ्वीच्या गोळ्याच्या खुणेचा, हिरवा किंवा निळा झाला की तिसरा टप्पा. आता टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे चालू करावेत. घरात वायफाय पुढच्या खोलीत नेणारा एक्स्टेंडर असेल, तर राउटरनंतर आधी तो आणि मग त्याच्यावर चालणारी उपकरणं.

मोबाइल आणि लॅपटॉप यांचं वेगळं आहे. बॅटरीमुळे ते वीज गेल्यावर बंद झालेलेच नसतात. राउटर प्रत्येक उपकरणाला घरापुरता एक पत्ता देतो, उदाहरणार्थ 192.168.1.5. घरगुती राउटर ही वाटपाची यादी बहुधा तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात, त्यामुळे वीज गेली की यादी पुसली जाते. मोबाइलला मात्र आपला जुना पत्ता आठवत असतो. त्याचं वायफाय बंद करून दहा सेकंदांनी चालू केलं, की तो राउटरकडे पत्ता नव्याने मागतो आणि हिशेब जुळतो. मोबाइल पूर्ण बंद करायची गरज नसते.

प्रिंटरचं उदाहरण यातलं सगळ्यात त्रासाचं. वीज जाण्याआधी त्याचा पत्ता समजा 192.168.1.5 होता. वीज आल्यावर तो आणि टीव्ही आगेमागे सुरू झाले आणि .5 टीव्हीला मिळाला, प्रिंटरला .7. इंटरनेट उत्तम चालू आहे, पण लॅपटॉप छापायचा कागद .5 कडे पाठवतोय आणि प्रिंटर ढिम्म. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. एकदा ते केलं, की पुढच्या वेळी कोण आधी सुरू झालं याने फरक पडत नाही.

लॅपटॉप राउटरच्या आधी जागा होऊन बसला असेल, तर तो आणखी एक खूण दाखवतो. पत्ता देणारं कुणी सापडलं नाही, की विंडोज स्वतःच 169.254 ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. तो पत्ता दिसला, तर दोष बाहेरच्या तारेचा नाही, लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला आहे. कमांड प्रॉम्प्टवर या दोन ओळी दिल्या की लॅपटॉप पत्ता पुन्हा मागतो:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

क्रम कितीही अचूक पाळला तरी एका ठिकाणी तो निरुपयोगी ठरतो. मोडेमवर LOS लिहिलेला दिवा लाल झाला, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. तार तुटली असेल, पेटीतून थोडी निसटली असेल किंवा पलीकडचं यंत्र बंद असेल. घराची वीज गेली त्याच वादळात रस्त्यावरची फांदी तारेवर पडलेली असू शकते. तार पेटीजवळ नीट बसली आहे का, घट्ट दुमडली आहे का, एवढं पाहावं. ती काढून तिच्या टोकात डोळा घालून मात्र बघू नये. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

केबलवाल्याकडून लॅनची तार थेट घरात आलेली असेल, तर आणखी एक शक्यता तपासावी. अशा जोडणीत इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर एका डब्यात केबलवाल्याचा स्विच असतो आणि तो इमारतीच्या विजेवर चालतो. फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर असून घरातला राउटर अखंड चालू असला, तरी तो स्विच बंद पडला की इंटरनेट जातं. वीज येऊनही तो सुरू झाला नसेल, तर शेजाऱ्यांचंही इंटरनेट बंद असतं. आधी शेजारी विचारून घ्यावं, मग राउटरकडे वळावं.

सगळं करून अर्धा तास उलटला, तर तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नये. PON स्थिर आहे की लुकलुकतोय, LOS लाल आहे का आणि राउटरवरचा इंटरनेटचा दिवा कोणत्या रंगाचा आहे, हे तिन्ही सांगावं. LOS लाल म्हणजे तार बघायला माणूस पाठवावा लागणार. PON स्थिर असून इंटरनेटचा दिवा लाल असेल, तर अडकलेलं जुनं लॉगिन कंपनीला बहुतेक वेळा कार्यालयात बसूनच मोकळं करता येतं.