नळाला पाणी कधी, ते सांगणारी नोटीस

लिफ्टशेजारच्या फलकावर गुरुवारच्या पाणीबंदीची इंग्रजी नोटीस लागते. इमारतीतल्या आजी-आजोबांसाठी सेक्रेटरी तिचं मराठी करतात: ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या अनुषंगाने गुरुवारी सकाळी 10 ते सायंकाळी 5 पाणीपुरवठा खंडित राहील. सभासदांनी सहकार्य करावे.’ भाषा शुद्ध आहे, चूक काढायला जागा नाही. तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वॉचमनला विचारतातच, ‘अरे, म्हणजे पाणी भरायचं कधी?’

त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण ‘10 ते 5’ ही महापालिकेच्या जलवाहिनीची वेळ आहे, आजींच्या नळाची नव्हे. महापालिकेचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि तिथून ते घरोघरी उतरतं. सकाळी दहाला बाहेरची लाइन बंद झाली तरी टाक्यांत साठा असेपर्यंत नळ चालू राहतो. उलट संध्याकाळी पाचला लाइन सुरू झाली, तरी रिकाम्या वाहिन्या भरून दाब यायला वेळ लागतो. मग खालची टाकी भरायची आणि त्यानंतर पंप लावायचा. त्यामुळे घरात पाणी यायला रात्रीचे आठ-नऊ सहज वाजतात. नोटिशीत पाच वाचलेल्या माणसाला मधले तीन-चार तास उगाच ताटकळावं लागतं.

समजा, सोसायटी 40 घरांची आहे आणि घरटी चार माणसं आहेत. शहरी पाणीपुरवठ्यासाठी वापरलं जाणारं माणशी दिवसाला 135 लिटरचं मान धरलं, तर रोज 21,600 लिटर पाणी लागतं. गच्चीवरची टाकी 10,000 लिटरची असेल, तर तिच्यात अर्ध्या दिवसाचंही पाणी नाही. त्यात नोटीस वाचून प्रत्येक घर पिंप, बादल्या, पातेली भरायला घेतं आणि एरवी दुपारपर्यंत पुरणारी टाकी सकाळी नवालाच तळ गाठते. म्हणून मराठी करण्याआधी पंप चालवणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्या लागतात: शेवटचा पंप किती वाजता लावणार आणि पाणी आल्यावर पहिला पंप साधारण कधी लागेल? ही उत्तरं इंग्रजी मजकुरात नसतात.

ती मिळाली की नोटीस अशी होते:

‘गुरुवारी सकाळी 7 ते 9 घरात पाणी भरून ठेवा. 9 नंतर नळाला पाणी येईलच असे नाही. रात्री 9 च्या सुमारास पाणी येईल. नळ बंद ठेवा. गीझर लावू नका. सुरुवातीचे गढूळ पाणी पिऊ नका. अडचण आल्यास वॉचमनला इंटरकॉमवर सांगा.’

यातल्या प्रत्येक वाक्यामागे घडणारा एखादा प्रकार आहे. कोरडा नळ उघडून पाहिला आणि तसाच विसरला, तर रात्री पाणी आल्यावर बाथरूम ओसंडतं. टाकीत पाणी नसताना गीझर लावला, तर कॉइल जळू शकते. गढूळ पाणी फिल्टरमध्ये गेलं, तर कँडल तुंबते. आणि 20 लिटरची भरलेली बादली म्हणजे 20 किलो वजन. ते सत्तरीतल्या माणसाने उचलण्याऐवजी चार लहान बादल्या अर्ध्या भरून ठेवाव्यात, हेही एका ओळीत सांगता येतं.

वेळ लिहिताना ‘रात्री 12’ टाळावं. बुधवारी रात्री बारा म्हणजे बुधवार की गुरुवार, यावर इमारतीत दोन तट पडतात. ‘उद्या’ही नको, कागद फलकावर दोन दिवस राहिला की उद्या पुढे सरकतो. वार आणि तारीख दोन्ही हवेत.

टक्क्यांचंही तसंच. मुंबईत 2024 साली धरणांतला साठा घटल्यावर 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात झाली. घरात बसलेल्या माणसाला दहा टक्क्यांचा हिशेब करायचा नसतो. टाकी कमी भरत असल्यामुळे संध्याकाळचं पाणी आठऐवजी साडेसातला बंद होणार असेल, तर तेवढंच सांगावं.

राहिला मेंटेनन्स. पंपाची दुरुस्ती आणि महिन्याचं बिल, दोन्हींना सोसायटीत हाच शब्द चालतो. त्यामुळे एकाच कागदावर ‘पाणी बंद’ आणि ‘मेंटेनन्स 10 तारखेपर्यंत भरा’ असं आलं, की न भरल्यामुळेच पाणी तोडताहेत असा समज होऊन कोणी चेकबुक घेऊन ऑफिसात धावतं. दुसरं कोणी विचारतं, ‘पाणी नाही, मग पैसे पूर्ण का?’ महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार घरातल्या नळांच्या संख्येवर आणि सेवाशुल्क सर्व घरांना सारखं असतं. एक दिवस लाइन बंद राहिली म्हणून वॉचमनचा पगार किंवा जिन्यातल्या दिव्यांचं बिल घटत नाही. टँकर मागवावा लागला तर खर्च वाढतोच. हा खुलासा बिलासोबतच्या वेगळ्या कागदावर द्यावा. पाण्याच्या नोटिशीत फक्त पाणी असावं, तेही चष्मा शोधायला घरी परतावं लागणार नाही इतक्या ठसठशीत अक्षरात.