गादीवाले चाचा कॅमेऱ्यासमोर

कॅमेऱ्यासमोर माणूस पाठ केलेलं बोलतोय हे ओळखायला फारसं शिक्षण लागत नाही. डोळे एका जागी थिजतात किंवा कागदावर फिरावेत तसे फिरतात. श्वास वाक्याच्या भलत्याच ठिकाणी घेतला जातो. आणि सर्वात मोठी खूण म्हणजे शब्द. 'उपलब्ध', 'माफक दरात', 'ग्राहकांचे समाधान' हे शब्द दुकानात दिवसभरात कोणीच उच्चारत नाही. मोबाईल समोर धरला की मात्र ते तोंडात येतात, कारण मालकाने रात्री बसून तेच लिहून आणलेले असतात.

आमच्याकडे साध्या माणसांना घेऊन सिनेमा करण्याची परंपरा दूर नाही. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' केला. त्यात गावातलीच साधी माणसं होती. पण तिथे मजा वेगळी होती. मूळ संवाद सगळ्यांना आधीच तोंडपाठ होते आणि नक्कल करणं हाच हेतू होता. दुकानातल्या कारागिराला किंवा घरातल्या खालाजानला स्वतःसारखं बोलायला लावणं हे निराळं काम आहे. त्याचा उस्ताद मला इराणचे दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमी वाटतात. 1997 च्या 'टेस्ट ऑफ चेरी'मध्ये एक माणूस मोटारीतून फिरत अनोळखी लोकांशी बोलतो. पडद्यावर दोघे शेजारी बसलेले वाटतात. प्रत्यक्ष चित्रीकरणात बऱ्याचदा समोरच्या सीटवर किआरोस्तमी स्वतः बसत आणि तेच बोलत. म्हणजे साध्या माणसाला अभिनय करायचा नव्हता, समोरच्या माणसाला उत्तर द्यायचं होतं.

हीच युक्ती पाचोऱ्यात एका नातेवाइकाच्या गादी-रजईच्या दुकानासाठी आम्ही वापरली. फोमच्या गाद्या मोबाईलवरून घरपोच येऊ लागल्यापासून कापसाच्या गादीचं गिऱ्हाईक घटलं आहे. त्यात जुनी तक्रार वेगळीच. बाई घरचा जुना कापूस पिंजायला देते, परत घेताना वजन कमी भरतं आणि तिच्या मनात येतं की चांगला कापूस काढून घेतला. खरं कारण धूळ. पिंजताना वर्षांची धूळ आणि कचरा गळून पडतो. हे सांगायला दुकानातले पिंजारी चाचा सर्वात योग्य. त्यांचं आयुष्य त्यात गेलं आहे. पण मालकाने लिहिलेली चार वाक्यं त्यांना दिली तेव्हा चाचा शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलासारखे हात सरळ सोडून उभे राहिले आणि तिसऱ्या वाक्याला अडकले.

कागद बाजूला ठेवला. चाचांना त्यांच्या रोजच्या जागी खाली बसवलं आणि हातात सुई-दोरा व अर्धवट टाके घातलेली गादी दिली. हात कामात असले की ते कुठे ठेवायचे हा प्रश्नच राहत नाही, आणि बोलण्याला कामाची लय मिळते. मोबाईल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, डब्यांच्या चळतीवर टेकवला. मी मोबाईलला कान लागेल इतका जवळ, खालीच बसलो. त्यामुळे चाचा माझ्याकडे बघत होते आणि नजर कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी पडत होती. विचारणारा दूर बसला तर बोलणारा भलतीकडे बघताना दिसतो. कॉलरचा माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावला. पिंजण्याचं यंत्र आणि पंखा बंद केला. मोबाईलवर फोन येऊ नये याची व्यवस्था केली. 'सुरू' असं कोणी म्हटलं नाही. चहा येईपर्यंत गप्पा चालू होत्या, त्या आधीच रेकॉर्ड होत होत्या.

चाचा माझ्याशी उर्दूत बोलतात. गिऱ्हाईक मात्र आसपासच्या खेड्यांतलं, मराठी आणि अहिराणी बोलणारं. "चाचा, मराठीत बोला" असं सांगितलं असतं तर ते पुन्हा ताठ झाले असते. मी प्रश्नच मराठीत विचारला. ज्या भाषेत प्रश्न, त्या भाषेत उत्तर येतं. प्रश्नही मोघम नको. "तुमच्या कामाबद्दल सांगा" म्हटलं की माणूस भाषण सुरू करतो. मी विचारलं, "त्या दिवशी त्या बाई भांडल्या, कापूस कमी आला म्हणून. तुम्ही काय म्हणालात?"

चाचांनी सुई ओढली. "हो ना, रोजचंच ते."

इथे एक अडचण येते. नंतर माझा प्रश्न कापून टाकायचा असतो, आणि नुसत्या "रोजचंच ते" वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. जाणकार लोक सांगतात की बोलणाऱ्याला आधीच बजावावं, प्रश्न उत्तरात घ्या. कारागिराच्या बाबतीत मला ते पटत नाही. तो नियम लक्षात ठेवण्यात तो बोलणं विसरतो. त्यापेक्षा न समजल्यासारखं विचारावं, "रोजचं काय?"

"हेच, की कापूस कमी दिला. मी म्हणतो ताई, बसा इथं. तुमचा कापूस तुमच्यासमोर पिंजतो." चाचा थांबले. मीही गप्प बसलो, मनात तीन-चार आकडे मोजले. या शांततेत पुढचा प्रश्न घुसवण्याचा मोह आवरावा लागतो. चाचांनी मग यंत्राकडे हात केला. "आणि खाली बघा म्हणतो. ती जी धूळ पडली ना, त्यावर तुम्ही इतकी वर्षं झोपत होत्या!" आणि स्वतःच हसले. मालकाच्या चारही वाक्यांत हे नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आणि शेवटचे शब्द बुडाले. "चाचा, तेच परत म्हणा" असं सांगून उपयोग नसतो. दुसऱ्यांदा माणूस स्वतःचीच नक्कल करतो आणि हसू तर हमखास खोटं येतं. मी मालकाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला माझ्या जागी बसवलं. तिने ते ऐकलेलं नव्हतं. "चाचा, वजन कमी का होतं?" तिने खरंच माहीत नसल्याने विचारलं, आणि चाचांनी तिला पहिल्यापेक्षा जास्त समजावून सांगितलं. ऐकणारा नवा असला की सांगणाराही नव्याने सांगतो.

एकूण बारा मिनिटं बोलणं झालं. ठेवलं पाऊण मिनिट. मधले तुकडे कापल्यावर चित्र झटका खातं. ते झाकायला नंतर यंत्र चालू करून हात, सुई, उडणारा कापूस, खाली साचलेली धूळ यांची दहा-दहा सेकंदांची पाच-सहा दृश्यं घेतली. चाचांचा आवाज त्यांवरून सलग जातो. भाव, पत्ता, फोन नंबर चाचांकडून वदवले नाहीत. आकडे सांगताना चांगला बोलणाराही पाठांतरात शिरतो. ते पडद्यावर लिहिले.

घरातल्या बायकांच्या बाबतीत हीच रीत आणखी सोपी पडते. चेहरा दाखवायचा नसेल तर आवाज आणि हात पुरतात. शेवया वळणाऱ्या हातांवर खालाजानचा आवाज असला की काही उणं वाटत नाही. मात्र विचारायला घरातलंच, शक्यतो लहान कोणीतरी बसवावं. नातीला सांगताना जे निघतं ते परक्या पाहुण्याला सांगताना निघत नाही.

एक हद्द मात्र आहे. किआरोस्तमींच्याच 1987 च्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस'मध्ये वर्गात एक मुलगा रडतो. ते रडू खरं आहे. त्याला आवडलेला त्याचा फोटो मुद्दाम त्याच्यासमोर फाडला होता. दृश्य अप्रतिम आहे, पण शिक्षक म्हणून मला ते बघवत नाही. चाचांच्या बारा मिनिटांत एक वाक्य असं होतं जे कापून वेगळं ठेवलं असतं तर शेजारच्या दुकानदाराला टोमणा वाटला असता. हशाही आला असता. मालकाला ते हवं होतं. आम्ही तयार तुकडा आधी चाचांनाच दाखवला. त्यांनी टोमणा काढायला सांगितला आणि धुळीचा ठेवला.

"ये सही है," ते म्हणाले, "ये तो मैं रोज बोलता हूं."