लोगोवर अडकलेला टीव्ही आणि रीसेटची किंमत

टीव्ही लावला की कंपनीचं नाव झळकतं, पडदा काळा होतो आणि पुन्हा तेच नाव येतं. कुणीतरी फोनवरून सांगतं, "फॅक्टरी रीसेट मार, होईल सुरू." कधी होतोही. पण रीसेटने काय पुसलं जातं आणि कुठला बिघाड त्याने हटतच नाही, हे आधी कळायला हवं.

सांगलीतल्या एका घरातलं उदाहरण घेऊ. घरात आजी-आजोबा, मुलगा न्यू जर्सीला. टीव्ही 43 इंची अँड्रॉइड, आतली साठवण 8 जीबी. त्यातली बरीचशी मूळ प्रणालीच खाते. उरलेल्या जागेत अॅप, त्यांचे अपडेट आणि साठलेला तात्पुरता डेटा. ती जागा काठोकाठ भरली किंवा अपडेट चालू असताना वीज गेली, की टीव्ही अर्ध्या वाटेत अडतो. या टीव्हीवर कंपनीचं स्थिर नाव येऊन जायचं, मग हलणारा लोगो बराच वेळ फिरायचा आणि टीव्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. हलत्या लोगोपर्यंत पोचतोय म्हणजे सुरुवातीची पायरी पार होते. दोष बहुधा त्यापुढच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो.

शेजारच्या इलेक्ट्रिशियनने रीसेटला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढला, टीव्हीवरचं पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं आणि दहा मिनिटं थांबला. सेट-टॉप बॉक्सची वायर, पेनड्राइव्ह, सगळं काढलं, कारण बिघडलेला पेनड्राइव्हही टीव्हीला सुरू होताना अडवू शकतो. राउटर बंद ठेवून पाहिलं. फरक नाही. मग टीव्हीवरचं बटण दाबून धरूनच प्लग लावला, तेव्हा रिकव्हरीचा मेनू आला. (हे बटणांचं गणित मॉडेलनुसार बदलतं.) त्या मेनूवर त्याने टीव्ही तसाच वीस मिनिटं राहू दिला.

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच. रिकव्हरीत अॅप चालत नाहीत. तिथेही टीव्ही आपोआप बंद-चालू होत असेल, तर संशय पॉवर सप्लायवर किंवा मेन बोर्डावर जातो आणि रीसेट करून उपयोग नसतो. हा टीव्ही मात्र शांत राहिला. म्हणून त्याने Wipe data/factory reset निवडलं आणि टीव्ही सुरू झाला.

आता किंमत. वाय-फायचा पासवर्ड, चित्र-आवाजाची जुळवणी, अॅप, सगळी लॉगिन गेली. कारखान्यातून आलेली अॅप राहिली, पण त्यांचे अपडेट गेले, त्यामुळे ती जुन्या रूपात उघडली. गुगल खातं मुलाचं होतं. सांगलीत सकाळचे दहा, तिकडे मध्यरात्र, आणि खात्री करणारा संदेश त्याच्या फोनवर. एका ओटीटीचा ओटीपी बंद पडलेल्या जुन्या सिमवर जात होता. तिथे नंबर बदलून घेण्यातच दिवस गेला. सदस्यत्व मात्र शाबूत होतं, कारण ते टीव्हीत नसतं, कंपनीच्या सर्व्हरवर असतं. पेनड्राइव्ह टीव्हीची साठवण वाढवायला अंतर्गत मेमरी म्हणून जोडलेला होता. त्याची कुलूपकिल्ली टीव्हीतच असते, ती पुसली गेली. आता तो फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही.

म्हणून टीव्ही अधूनमधून का होईना सुरू होत असेल, तर त्या चार-पाच मिनिटांत खात्याचा ईमेल, अॅपची यादी आणि चित्राच्या सेटिंग्ज यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठलं खातं कुणाच्या नंबरवर आहे, ते त्याच बैठकीत विचारून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना ओटीपीच्या मागे पळायला लावण्यापेक्षा हे फार सोपं आहे.

रीसेटला मर्यादाही आहेत. तो वापरकर्त्याचा भाग पुसतो, मूळ प्रणालीला हात लावत नाही. तीच खराब झाली असेल, तर सर्व्हिस सेंटरला नेमक्या त्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून पुन्हा भरावं लागतं. दुसऱ्या मॉडेलची फाइल घातली, तर टीव्ही कायमचा मुका होऊ शकतो.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. रीसेट पूर्ण झाल्याचं पडद्यावर दिसलं, टीव्ही उठला, आणि जुनं वाय-फाय, जुनी अॅप जशीच्या तशी हजर, तर आनंद मानू नका. साठवणीची चिप, जिला मेकॅनिक ईएमएमसी म्हणतात, झिजून लिहिणं बंद करते तेव्हा असं होतं. ती वाचू देते, पुसू देत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा रीसेट करण्यात अर्थ नाही. वॉरंटी असेल तर कंपनीकडे तक्रार नोंदवा. संपली असेल तर मेकॅनिकला आधी विचारा, फक्त चिप बदलून सॉफ्टवेअर भरणार की अख्खा मेन बोर्ड बदलणार. दोन्हींचा खर्च वेगळा असतो, आणि पॅनेल धड असेल तर चिप बदलूनही तोच टीव्ही पुढे चालू शकतो.