पेटीचा भाव आणि घरपोच डझनाचा भाव

आपल्यापैकी अनेकांच्या गावी अजून वडिलोपार्जित शेती किंवा बाग आहे. ती सांभाळतो भाऊ, आणि हिशेबाच्या गोष्टी फोनवर होतात. आमची रत्नागिरी जिल्ह्यातली हापूसची बाग अशीच. दादा ती पाहतो आणि मी इथे शिकागोत बसून वह्या तपासतो, कारण आयुष्यभर नोकरी हिशेबनिसाचीच केली. यंदा पुतण्याने एक प्रश्न टाकला: "काका, आपल्याला वाशीच्या पट्टीत डझनाला साडेचारशे मिळतात आणि पुण्यात दुकानात तोच आंबा हजाराला विकतात. मधले साडेपाचशे कोण खातो? आपणच घरोघरी विकू ना!" दलालाकडून दरवर्षी फवारणीसाठी घेतली जाणारी उचल यंदा घ्यायची की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार होते. एकदा उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर पाठवावा लागतो. म्हणून मी सविस्तर हिशेब मांडला. वाचकांपैकी कुणाच्या घरी हीच चर्चा चालू असेल तर उपयोगी पडेल.

समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत. १०० पेट्या माल धरू. एका पेटीत ५ डझन, म्हणजे ५०० डझन. फवारणी, राखण आणि काढणी हा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो सोडून देऊ.

आधी दलालाची वाट. माल कच्चाच, लाकडी खोक्यात पेंढा घालून ट्रकने वाशीला जातो. हंगामाची सरासरी पेटीला २,५०० रुपये धरली आणि खोके, पेंढा, भाडे, हमाली मिळून २५० वजा केले, तर हाती २,२५० उरतात. डझनाला ४५०, आणि १०० पेट्यांचे २,२५,००० रुपये.

इथे अडतीविषयी एक खुलासा. पूर्वी अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा केला आणि अडत खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. तरीही खरेदीदार अडत मनात धरूनच बोली लावतो, त्यामुळे पट्टीत तो रकाना नसला तरी दरात ती थोडीफार मुरलेली असते. पट्टी हाती आली की त्या दिवशीचे बाजार समितीचे प्रसिद्ध झालेले दर आणि आपल्या फळाचा आकार ताडून पाहावा. सलग दोन-तीन पट्ट्या खालच्या दराला आल्या तर विचारायला हवे.

आता घरोघरी विक्री. पहिली गोष्ट अशी की दलाल बारीक, मध्यम, मोठा असा सगळा माल त्याच दिवशी घेतो. घरचे गिऱ्हाईक मात्र चांगल्या आकाराचे, बिनडागाचे आणि दोन दिवसांत खाता येईल असे फळ मागते. ५०० डझनांतून असे ३५० डझन निघतील. उरलेले १५० डझन, म्हणजे बारीक आणि डागी फळ, शेवटी व्यापाऱ्याकडे नाहीतर कॅनिंगला जाणार. त्याचे डझनाला सरासरी २०० धरले तर ३०,००० रुपये. म्हणजे दलालाइतकेच पैसे उभे करायचे असतील तर १,९५,००० रुपये त्या ३५० डझनांतूनच यायला हवेत.

दुसरी गोष्ट खर्चाची. पेंढ्यातल्या अढीत आंबा पिकायला आठ-दहा दिवस लागतात. कार्बाइडवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्यामुळे घाई करता येत नाही. एवढे दिवस पुण्यात खोली भाड्याने हवी. पुठ्ठ्याचे बॉक्स, टेम्पो आणि घरपोच पोहोचवणे धरून डझनाला १५० रुपये येतात, म्हणजे ३५० डझनांचे ५२,५००. पुतण्या आणि एक मदतनीस पंधरा दिवस राबणार. रोज ६०० रुपयांनी दोघांचे १८,००० होतात. "घरच्या माणसाची कसली मजुरी?" असे दादा म्हणाला, पण त्याच दिवसांत पुतण्या दुसरीकडे कमावू शकतो, म्हणून ती धरलीच पाहिजे. एकूण बेरीज २,६५,५०० रुपये.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. ३५० डझन नेले म्हणून ३५० डझनांचे पैसे येत नाहीत. अढीत काही फळ सडते. २० डझन धरा. आंब्यात साका असतो, तो बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाईक फळ कापते आणि फोन करते, आणि बदलून द्यावेच लागते. त्याचे १० डझन. शेवटी पिकून राहिलेला आणि न खपलेला माल आणखी २० डझन. पैसे आले ३०० डझनांचे. २,६५,५०० ला ३०० ने भागा: ८८५ रुपये. साडेचारशेच्या पट्टीची बरोबरी करायला घरपोच डझनाला ८८५ रुपये मिळावे लागतात! मधल्या साडेपाचशेंपैकी बराचसा भाग कुणी खात नाही. तो पिकवण्यात, निवडीत आणि नासाडीत जातो. आज ते काम आणि तो धोका व्यापारी व दुकानदार उचलतात.

म्हणजे ८८५ हा तळ आणि दुकानातले १,००० हे छत. ओळखीशिवाय आलेले गिऱ्हाईक दुकानापेक्षा महाग घेणार नाही. मी ९५० सुचवले. त्यात १०० पेट्यांमागे १९,५०० रुपये जास्त मिळतात. पण आता पाहा: आधी नोंदणी घेऊन, नोंदणीइतकाच माल अढीत घातला आणि न खपणारे २० डझन वाचले, तर त्याच भावात १९,००० रुपये आणखी येतात आणि फायदा जवळजवळ दुप्पट होतो. तेवढेच पैसे भाव वाढवून मिळवायचे तर डझनाला साठेक रुपये वाढवावे लागतील, म्हणजे भाव दुकानाच्या वर जाईल. थोडक्यात, थेट विक्रीत कमाई भाव ताणण्यापेक्षा माल न उरण्यात जास्त आहे.

एक मर्यादा राहते. वाशीचा दर मार्चमध्ये चढा असतो आणि मे महिन्यात आवक वाढली, कर्नाटकचा आंबाही आला, की कोसळतो. घरोघरी एकच भाव जाहीर केला तर मे महिन्यात गाडीवरचा स्वस्त आंबा पाहून नोंदवलेले लोकही माघार घेतात. म्हणून नोंदणीतच दोन भाव सांगावेत: एप्रिलअखेरपर्यंतचा एक आणि मे महिन्याचा दुसरा, आणि थोडी रक्कम आगाऊ घ्यावी. मे महिन्याचा तळही नव्या पट्टीवरून पुन्हा काढावा. पट्टी उतरली की तोही उतरतो.

आमच्या घरी ठरले ते असे. पहिल्या वर्षी १०० पैकी ३० पेट्या पुण्यात, तेवढीच नोंदणी आहे म्हणून. बाकी ७० वाशीला. दलालाची उचल निम्मी घ्यायची, आणि बाकीचे फवारणीचे पैसे मी पाठवीन, म्हणजे त्या ३० पेट्या मोकळ्या राहतील. पुतण्याने एक वही घातली आहे. रोज किती डझन अढीत घातले, किती सडले, किती बदलून दिले आणि किती उरले, एवढे चारच रकाने. माझे २०, १० आणि २० हे अंदाज आहेत; जूनमध्ये त्या वहीतले आकडे त्यांच्या जागी घालून ८८५ चा आकडा पुन्हा काढू. तो दुकानाच्या भावाच्या वर गेला तर पुढच्या वर्षी सगळ्या पेट्या वाशीला, आणि त्यात कमीपणा नाही.