गोळी रोजची की आठवड्याची? औषधनिर्मात्यास विचारून खात्री करून घ्या

डॉक्टरांच्या चिठ्ठीतील एखादे अक्षर संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ आपण अंदाजाने लावू नये. संधिवातासाठी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक आहे. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. चिठ्ठीत ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा आणि ‘ओडब्ल्यू’ म्हणजे आठवड्यातून एकदा. घाईत लिहिलेली ही अक्षरे सारखीच भासू शकतात. आठवड्याची मात्रा रोज घेतली गेल्यास रक्तपेशींची निर्मिती मंदावते आणि ते जिवावर बेतू शकते.

समजा, चिठ्ठीत ‘मेथोट्रेक्सेट ७.५ मि.ग्रॅ., ४ आठवडे’ असे लिहिले असून पुढील अक्षर नीट लागत नाही. अशा वेळी औषधनिर्मात्यास चिठ्ठी दाखवून पुढीलप्रमाणे विचारावे :

“नमस्कार. ही ओळ मला नीट वाचता येत नाही. ही गोळी कोणत्या दिवशी आणि एका वेळी किती घ्यायची, हे कृपया सांगाल का? आपल्यालाही अक्षर स्पष्ट वाटत नसेल, तर डॉक्टरांना फोन करून विचारता येईल का? तोवर मी थांबतो.”

या शब्दांत दोष कोणाकडेही जात नाही. अडचण केवळ अक्षराची राहते. “रोज एकच ना?” असे विचारू नये. उत्तर प्रश्नातच असले की गर्दीच्या वेळी सहज ‘हो’ म्हटले जाते.

उत्तर मिळाल्यावर गोळ्यांची संख्या पडताळून पाहावी. २.५ मि.ग्रॅ.च्या तीन गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या असल्यास चार आठवड्यांसाठी १२ गोळ्या पुरतात. हातात ८४ गोळ्या आल्या, तर त्या रोजच्या हिशेबाने दिल्या गेल्या आहेत. तेव्हा “चार आठवड्यांसाठी एकूण किती गोळ्या लागतील, हे कृपया पुन्हा मोजून पाहाल का?” असे म्हणावे. त्यानंतर घेण्याचा वार पाकिटावर मराठीत पूर्ण लिहून घ्यावा, उदा. ‘फक्त रविवारी, तीन गोळ्या’. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी असल्यास तिचा वार स्वतंत्र पाकिटावर लिहावा.

मात्रेचा अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो. त्यांच्याशी संपर्क न झाल्यास, खात्री होईपर्यंत या औषधाची मात्रा सुरू करू नये.

हे औषध चुकून रोज घेतले गेले असल्यास ते तत्काळ थांबवावे आणि त्रास नसला तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. तोंडात फोड येणे, ताप, घसादुखी, अंगावर निळसर डाग उठणे किंवा धाप लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. जाताना चिठ्ठी व उरलेल्या गोळ्या सोबत न्याव्यात.