ई-सीव्हीटीमध्ये सीव्हीटीचं तेल नको

नावात सीव्हीटी असलं तरी टोयोटा प्रियसच्या ई-सीव्हीटीत ना पट्टा आहे, ना सरकत्या पुल्या. आत प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर-जनरेटर आहेत. पट्ट्याची पकड राखणारं सीव्हीटी फ्लुइड इथे चालत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसला 'एटीएफ डब्ल्यूएस' हेच पातळ तेल लागतं. ते गिअरना वंगण देतं आणि मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांची उष्णताही वाहून नेतं. नव्या हायब्रिडचा ग्रेड वेगळा असू शकतो, म्हणून मॅन्युअल पाहूनच तेल घ्या.

काहीजण म्हणतात, क्लचच नाही, मग तेल खराब कशाने होणार? पण गिअरचे दात घासून निघालेली धातूची बारीक पूड तेलातच फिरते, आणि उष्णतेने तेल जुनं होतं. अमेरिकेतल्या वेळापत्रकात जड ओझ्याच्या वापरासाठी ६०,००० मैलांवर, म्हणजे साधारण ९६,००० किलोमीटरवर बदल सांगितला आहे. घाट, उन्हाळा आणि भरलेली गाडी असेल, तर मी हाच आकडा धरेन. बदलताना गाडी सपाट जागी ठेवून आधी भरण्याचा बोल्ट सैल करा, मगच खालचा उघडा. वरचा अडकला, तर रिकामा गिअरबॉक्स भरणार कसा? शेवटी तेल भरण्याच्या भोकाच्या काठाशी आलं पाहिजे.